आजारी पडला 21 दिवस, पैशांची वाट पाहतोय 83 दिवस : ईएसआयच्या शाखा व्यवस्थापकांना खुले पत्र

दिनांक : 16 जून 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
कर्मचारी राज्य विमा महामंडळ, शाखा कार्यालय

विषय : सर्व वैद्यकीय प्रमाणपत्रे मुदतीत देऊनही आजारपणाचा लाभ न मिळाल्याबाबत

महोदय,

औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगारांचे ईएसआयचे कागद भरून देणे आणि त्यांचा पाठपुरावा करणे हे आमचे रोजचे काम आहे. आपल्या खिडकीवर आम्ही नवखे नाही, आणि कोणता कागद कुठे अडतो हेही आम्हाला बऱ्यापैकी कळते. हे पत्र एका कामगाराच्या 7,980 रुपयांबद्दल आहे. जाहीरपणे लिहायचे कारण एवढेच की, ज्या पद्धतीने त्याचे पैसे अडले त्याच पद्धतीने दर महिन्याला आणखी काहींचे अडतात, आणि बहुतेकांना ते का अडले हे शेवटपर्यंत कळत नाही. कामगाराचे नाव इथे देत नाही. आपल्या दप्तरी त्याची फाइल आहे आणि आमच्याकडे चारही पोचपावत्यांच्या झेरॉक्स आहेत.

आधी प्रकरण काय ते सांगतो. हा कामगार पत्र्याच्या प्रेसवर काम करतो. रोज 600 रुपये, कामावर आला त्या दिवसाचाच पगार. 3 मार्च 2025 ला त्याला ईएसआयच्या दवाखान्यात टायफॉइडचे निदान झाले आणि त्याच दिवशी पहिले प्रमाणपत्र मिळाले. मधली प्रमाणपत्रे 10 आणि 17 मार्चची आहेत. 22 मार्चला डॉक्टरांनी अंतिम प्रमाणपत्र दिले, म्हणजे कामगारांच्या भाषेत फिट सर्टिफिकेट. त्यात 24 मार्चपासून कामावर जाण्यास योग्य असे लिहिले आहे. म्हणजे 3 ते 23 मार्च असे सलग 21 दिवस तो आजारी होता आणि त्यातला एकही दिवस प्रमाणपत्राबाहेर राहिलेला नाही. पहिली तीन प्रमाणपत्रे त्याच्या भावाने 5, 12 आणि 19 मार्चला आपल्याकडे दिली. शेवटचे आणि फॉर्म 9 मधला दावा त्याने स्वतः 25 मार्चला दिला. प्रत्येक वेळी पोच घेतली आहे.

तारखा इतक्या बारकाईने लिहिण्यामागे कारण आहे. प्रमाणपत्र मिळाल्यापासून तीन दिवसांत ते कार्यालयात पोचले पाहिजे, असा नियम कामगाराला लागू आहे. उशीर केला तर त्याचे लाभाचे दिवस कापले जाऊ शकतात. म्हणून अंगात ताप असताना त्याने घरच्या माणसाला बसने आपल्याकडे पाठवले. त्याच विनियमांत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा (सर्वसाधारण) विनियम, 1950 मधल्या विनियम 52 मध्ये, कार्यालयालाही मुदत घातलेली आहे. आजारपणाच्या लाभाचा पहिला हप्ता, दावा आणि प्रमाणपत्रे परिपूर्ण मिळाल्यापासून सात दिवसांत द्यायचा. 25 मार्चनंतर सात दिवस म्हणजे 1 एप्रिल. आज 83 दिवस झाले.

रक्कम किती, यावर वाद होऊ नये म्हणून हिशेबही मांडतो. मार्च महिना 1 जानेवारी ते 30 जून या लाभ कालावधीत येतो. त्यासाठी बघायचा वर्गणी कालावधी 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर 2024. या सहा महिन्यांत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असली की माणूस पात्र होतो. याची 140 दिवसांची भरली आहे. 140 दिवसांचा पगार 84,000 रुपये, म्हणून सरासरी रोज 600. त्याच्या 70 टक्के म्हणजे 420 रुपये दिवसाला. 21 दिवसांतले पहिले दोन दिवस, 3 आणि 4 मार्च, नियमाप्रमाणे लाभाबाहेर. उरले 19. एकोणीस गुणिले 420 बरोबर 7,980. या 140 दिवसांत त्याच्या पगारातून 0.75 टक्क्यांनी 630 रुपये कापले गेले आणि मालकांकडून 3.25 टक्क्यांनी 2,730 रुपये आपल्याकडे जमा झाले. थकबाकी नाही, की एकही महिना कोरा नाही.

मग अडले कुठे? आपल्या कार्यालयाने आजवर दिलेली उत्तरे क्रमाने अशी आहेत. 8 एप्रिलला सांगितले, कॉम्प्युटरवर पात्र दिसत नाही, नंतर या. 22 एप्रिलला सांगितले, मालकाकडून गैरहजेरीचा फॉर्म आणा. 6 मे रोजी सांगितले, बँकेचे पासबुक पुन्हा द्या. 9 जूनला सांगितले, वरून मंजुरी यायची आहे. चारही वेळा तोंडी, आणि प्रत्येक वेळी वेगळे. एकेका खेपेला त्याचा एक दिवस बुडतो. चार खेपांचे 2,400 रुपये त्याने आधीच घालवले आहेत, मिळायच्या रकमेच्या तीस टक्के. खिडकीमागच्या माणसाला यात दोष देत नाही. त्याच्यासमोर स्क्रीनवर जे दिसते तेच तो सांगतो. पण स्क्रीनवर जे दिसते ते का दिसते, हे बघणे कुणाचे तरी काम असायला हवे.

आता एकेक कारण घेतो. पहिले सगळ्यात महत्त्वाचे आहे आणि त्यावरच जास्त लिहिणार आहे.

'पात्र दिसत नाही' म्हणजे काय

या कामगाराकडे ईएसआयची दोन कार्डे आहेत. एक जुने, कोपरे झिजलेले, प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेले. दुसरे जुलै 2024 मध्ये नव्या कंत्राटदाराने कागदावर छापून दिलेले. दोन्हींवर फोटो त्याचाच, वडिलांचे नाव तेच, जन्मतारीख तीच. दहा अंकी विमा क्रमांक मात्र वेगळे.

हे कसे होते ते आपल्याला माहीत आहे, वाचकांसाठी सांगतो. नव्या कंत्राटदाराकडे कामगार लागला की त्याची नोंदणी पोर्टलवर करायची असते. तिथे आधी विचारले जाते की या माणसाची नोंदणी पूर्वी झालेली आहे का. 'हो' म्हटले की जुना क्रमांक टाकावा लागतो. तो कामगाराकडून मागवा, नाव जुळते का बघा, स्पेलिंग वेगळे निघाले तर पुन्हा विचारा, असे सगळे आले. 'नाही' म्हटले की दहा मिनिटांत नवा क्रमांक तयार होतो. महिनाअखेरीला पन्नास माणसांची नोंदणी करणारा कारकून काय करत असेल ते सांगायला नको. कामगाराला वाटते, नवी कंपनी म्हणून नवे कार्ड. विमा क्रमांक हा माणसाचा असतो, नोकरीचा नसतो, आणि आयुष्यभर तोच चालतो, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

याचा परिणाम आकड्यांत बघा. जुन्या कंत्राटदाराकडे तो 29 जून 2024 पर्यंत होता. जुन्या क्रमांकावर एप्रिल ते जून मिळून 68 दिवस भरले गेले. 1 जुलैपासून नव्या क्रमांकावर सप्टेंबरअखेर 72 दिवस भरले गेले. लागतात 78. जुन्या क्रमांकाला दहा दिवस कमी पडतात, म्हणून तो क्रमांक टाकला की स्क्रीन म्हणते अपात्र.

नव्या क्रमांकाचे दुखणे वेगळे आहे, आणि ते आपल्या कर्मचाऱ्यांनाही चटकन लक्षात येत नाही असे आम्हाला दिसले आहे. तिथे 72 आणि 78 चा प्रश्नच येत नाही. नव्या क्रमांकाच्या दृष्टीने हा माणूस 1 जुलै 2024 ला आयुष्यात पहिल्यांदा विम्याखाली आला. पहिल्यांदा विम्याखाली येणाऱ्याचा पहिला लाभ कालावधी नोकरीला लागल्यापासून नऊ महिने पूर्ण झाल्यावर सुरू होतो. 1 जुलै 2024 नंतर नऊ महिने म्हणजे 31 मार्च 2025. म्हणजे लाभ सुरू 1 एप्रिलला. त्याचे आजारपण संपले 23 मार्चला. नव्या क्रमांकावर त्याने कितीही दिवस भरले असते तरी मार्चमधल्या आजाराला एक रुपया मिळाला नसता. आणि त्याचे चारही कागद आपल्याकडे नव्या क्रमांकावर नोंदले गेले आहेत, कारण दवाखान्यात त्याने नवे कार्ड दाखवले. नवे ते चालू, असे समजून.

म्हणजे एक क्रमांक म्हणतो दहा दिवस कमी, दुसरा म्हणतो अजून वेळ झाली नाही. दोन्ही क्रमांक एकत्र केले की 140 दिवस, आणि माणूस साफ पात्र. नऊ महिन्यांची अटही गळून पडते, कारण तो नवा नाहीच.

हे ओळखायला फार खटाटोप लागत नाही. वयाची तिशी ओलांडलेला, प्रेसवर सराईतपणे काम करणारा माणूस जुलै 2024 मध्ये पहिल्यांदाच विम्याखाली आला, हे दिसताच शंका यायला हवी. 'याआधी कुठे होतास, जुने कार्ड आहे का?' एवढा एक प्रश्न 8 एप्रिलला विचारला असता तर त्याने खिशातून पाकीट काढून दाखवले असते. ते त्या दिवशी त्याच्याजवळ होते. कुणी विचारले नाही.

प्रश्न आम्हीच विचारला आणि 15 एप्रिलला दोन्ही क्रमांक जोडण्याचा अर्ज आपल्याकडे दिला. सोबत दोन्ही कार्डांच्या प्रती, आधार, जुन्या आणि नव्या दोन्ही कंत्राटदारांची पत्रे, आणि सहा महिन्यांच्या पगारपावत्या. या पावत्यांवर विमा क्रमांक छापलेला असतो. जूनच्या पावतीवर जुना आणि जुलैच्या पावतीवर नवा, शेजारी शेजारी ठेवल्या की गोष्ट दोन मिनिटांत समजते. अर्जाची पोच आहे. त्यावर पुढे काय झाले याचे उत्तर नाही. 22 एप्रिलला तो गेला तेव्हा खिडकीवर या अर्जाचा कुणाला पत्ताच नव्हता. दाव्याची फाइल एका टेबलावर आणि जोडणीचा अर्ज दुसऱ्या, अशी आमची समजूत झाली आहे. चुकीची असेल तर जरूर सांगा.

हे वाचणाऱ्या कामगारांसाठी एक सूचना मध्येच. आपल्या पगारपावतीवरचा दहा अंकी क्रमांक आणि कार्डावरचा क्रमांक आजच ताडून पाहा. नोकरी बदलल्यावर नवे कार्ड हातात पडले असेल तर आजारी पडायच्या आधीच जुना क्रमांक घेऊन मालकाकडे जा. विमाधारकाच्या लॉगिनमध्ये महिन्यावार किती दिवसांची वर्गणी भरली ते दिसते. मधले महिने कोरे दिसले तर ते बहुधा दुसऱ्या क्रमांकावर बसलेले असतात.

गैरहजेरीचा फॉर्म कुणी आणायचा

22 एप्रिलला त्याला मालकाकडून फॉर्म 10 भरून आणायला सांगितले. हा फॉर्म कशासाठी असतो ते आम्हाला मान्य आहे. ज्या दिवसाचा पगार, भरपगारी रजा किंवा सुट्टीचा पगार घेतला, किंवा ज्या दिवशी संपावर होता, त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. ते तपासण्यासाठी कार्यालय मालकाला विचारू शकते. विचारावेच.

पण विनियम 52अ मध्ये ही माहिती देण्याचे बंधन मालकावर आहे, आणि कार्यालयाने लेखी मागवायची आहे. कामगाराने फॉर्म घेऊन मालकाच्या दारात उभे राहायचे, असे त्यात कुठेच नाही. प्रत्यक्षात कंत्राटी कामगाराचा मालक कोण, इथूनच सुरुवात होते. कंपनीच्या गेटवर सांगतात कंत्राटदाराकडे जा. कंत्राटदाराचा सुपरवायझर म्हणतो, ऑफिस शहरात आहे, साहेब शुक्रवारी येतात. आजारातून उठलेल्या माणसाने तीन आठवड्यांच्या गैरहजेरीवर सही मागितली की कंत्राटदाराला आपल्यावर काही बालंट येईल असे वाटते, आणि तो टाळाटाळ करतो. ज्या कागदात मालक कामगाराविरुद्ध साक्ष देणार आहे, तो कागद कामगारालाच आणायला सांगणे तपासणी म्हणूनही निरुपयोगी आहे.

हा फॉर्म आम्ही अखेर मिळवून 29 एप्रिलला दिला. त्यात 3 ते 23 मार्चपर्यंत पगार दिलेला नाही, रजेचे पैसे दिलेले नाहीत, असे स्पष्ट आहे. 14 मार्चला धुळवडीची सुट्टी होती, पण रोजंदारीवर असल्याने तिचाही पगार मिळालेला नाही. समजा मिळाला असता, तरी तेवढा एक दिवस वजा झाला असता. 19 चे 18 दिवस आणि 7,980 चे 7,560 रुपये. एका दिवसाच्या शंकेपोटी उरलेल्या अठरा दिवसांचे पैसे धरून ठेवण्याला कोणता आधार आहे, ते आम्हाला कळलेले नाही.

खोटी प्रमाणपत्रे येतात, हे आम्हीही जाणतो. आजारपण दाखवून दुसरीकडे काम करणारे भेटतात. त्यासाठी आपल्याकडे वैद्यकीय निर्देशी आहेत. शंका आली तर त्यांच्याकडे माणसाला तपासायला पाठवण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण तो वापरायचा तर माणूस आजारी असताना. पहिले प्रमाणपत्र 5 मार्चला आपल्या हातात होते. 23 मार्चपर्यंत त्याला बोलावले असते तर टायफॉइड आहे की नाही ते डॉक्टरांना दिसले असते. आता जूनमध्ये त्याच्यात काय सापडणार?

पासबुक पुन्हा का मागितले

याचे उत्तर आम्हाला अंदाजाने शोधावे लागले, आणि ते बहुधा बरोबर आहे. जुन्या क्रमांकाला जोडलेले त्याचे खाते देना बँकेतले होते. ही बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली आणि तिचे जुने आयएफएससी कोड 1 मार्च 2021 पासून बंद झाले. त्याच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर अजूनही `BKDN` ने सुरू होणारा कोड छापलेला आहे आणि खाली पेनाने, बँकेतल्याच कुणाच्या अक्षरात, `BARB0` ने सुरू होणारा नवा. खाते तेच, शाखा तीच, तो पैसे काढतो, भरतो, त्याला काहीच बदलल्याचे जाणवत नाही. पण आपल्या नोंदीत जुना कोड राहिला तर पाठवलेले पैसे त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि ते अडले हे त्याला कळवणारे कुणी नसते. देना बँकेप्रमाणे विजया, सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन अशा विलीन झालेल्या बँकांच्या खातेदारांचीही हीच गत होऊ शकते. औद्योगिक वसाहतीत अशी जुनी पगारखाती भरपूर आहेत.

त्याने 6 मे रोजीच बँकेचा नवा पत्रक-दाखला आणि रद्द केलेला धनादेश दिला. तेव्हा हीही अडचण संपली असे आम्ही धरतो.

आमचे म्हणणे

चार खेपांतल्या चार उत्तरांपैकी तीन कारणे खरीच होती. क्रमांक दोन होते, फॉर्म 10 नव्हता, बँकेचा कोड जुना होता. आमची तक्रार ती कारणे काढली याबद्दल नाही. ती तिन्ही 25 मार्चलाच, फाइल उघडल्याच्या दिवशी, एका कागदावर लिहून देता आली असती, आणि दिली गेली नाहीत. एक त्रुटी दूर केली की दुसरी निघते, दुसरी झाली की तिसरी. विनियम 52 मधले सात दिवस 'परिपूर्ण' कागदांपासून मोजायचे असल्याने, अशा पद्धतीने कागद कधी परिपूर्ण होतच नाहीत आणि सात दिवस कधी सुरूच होत नाहीत. मुदत कागदावर राहते, आणि माणूस खेपा घालत राहतो. 6 मे रोजी मात्र शेवटचा कागद आला. तेव्हापासून धरले तरी सात दिवस 13 मे रोजी संपले.

चौथे कारण, 'वरून मंजुरी', आम्हाला समजलेले नाही. 7,980 रुपयांच्या नेहमीच्या आजारपणाच्या दाव्याला कुणाची, कोणत्या मुद्द्यावर मंजुरी हवी आहे? क्रमांक जोडणीचा प्रस्ताव प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयाकडे गेला असेल, तर तो कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने गेला, एवढे लिहून द्या. तो गेलाच नसेल तर तेही लिहा.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

1. 15 एप्रिलच्या अर्जानुसार दोन्ही विमा क्रमांक जोडून, 140 दिवसांच्या आधारे 19 दिवसांचे 7,980 रुपये 30 जून 2025 पूर्वी त्याच्या खात्यात जमा करावेत. दर वेगळा निघत असेल तर हिशेबाचा कागद द्यावा, आम्ही तपासून उत्तर देऊ.

2. यापुढे आजारपणाच्या प्रत्येक दाव्यावर जितक्या त्रुटी असतील तितक्या सगळ्या एकाच वेळी, लेखी, दावा मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत कळवाव्यात. छापील कागदावर पाच-सहा चौकोन आणि एक सही एवढ्याने भागेल. त्यात न लिहिलेली त्रुटी नंतर काढून पैसे थांबवू नयेत.

3. 'अपात्र' असे सांगण्याआधी, विशेषतः विमाधारक अलीकडेच नोंदला गेलेला दिसत असेल तर, जुना क्रमांक आहे का हे खिडकीवरच विचारावे. असल्यास जोडणीचा अर्ज आणि दावा एकाच फाइलमध्ये एकाच टेबलावर राहावा.

4. फॉर्म 10 कार्यालयाने थेट मालकाला पाठवावा, उत्तराची तारीख घालून. मालक गप्प बसला तर त्याच्यावर काय करायचे ते कार्यालयाने ठरवावे. कामगाराला मधला टपालवाला करू नये.

5. बँकेतून परत आलेल्या रकमांची यादी दर आठवड्याला बघून संबंधित विमाधारकाला मोबाइलवर संदेश जावा.

दुसरी मागणी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त खेपा वाचवणारी आहे. बाकीच्या चारांवर वेळ लागणार असेल तर निदान ती उद्यापासून सुरू करता येईल.

या पत्राची प्रत प्रादेशिक कार्यालयाला दिली आहे आणि दर महिन्याच्या सुविधा समागमातही, म्हणजे ईएसआयच्या तक्रार निवारण बैठकीतही, हा दावा मांडणार आहोत. 15 एप्रिलच्या अर्जाचे काय झाले, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज आज वेगळा दिला आहे. त्याचे उत्तर 30 दिवसांत अपेक्षित आहे. 30 जूनपर्यंत पैसे किंवा लेखी कारण मिळाले नाही, तर कायद्याच्या कलम 75 खाली कर्मचारी विमा न्यायालयात जाण्याचा मार्ग त्याला मोकळा आहे. दावा बारा महिन्यांच्या आत केलेला असल्याने त्याच्या हक्काला मुदतीची बाधा येत नाही. तिथे जावे लागू नये अशीच आमची इच्छा आहे, कारण 7,980 रुपयांसाठी न्यायालयाच्या तारखांना त्याचे आणखी दिवस बुडतील.

उत्तर त्याच्या घरच्या पत्त्यावर पाठवावे. तो पत्ता फॉर्म 9 वर आहे आणि बदललेला नाही. खिडकीवर बोलावू नये. सोमवार ते शनिवार तो प्रेसवर असतो.

आपले,
औद्योगिक वसाहतीतील कामगार मदत गट

सोबत : चार प्रमाणपत्रांच्या पोचपावत्या, फॉर्म 9 ची प्रत, 15 एप्रिलच्या जोडणी अर्जाची पोच, जून व जुलै 2024 च्या पगारपावत्या, फॉर्म 10 ची प्रत, बँकेचा दाखला.